लोखंडी कपाटाशेजारचा प्रिंटर

वहिनी घरी दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतात. दर शनिवारी सराव परीक्षा असते आणि शुक्रवारी रात्री प्रश्नपत्रिका छापायच्या असतात. त्या रात्री त्यांचा फोन आला, "भावोजी, हा प्रिंटर आता बदलायलाच हवा. अर्धं पान छापतो आणि थांबतो."

मी गेलो आणि आधी एक छापील पान प्रिंटरच्या काचेवर ठेवून झेरॉक्स काढली. दहाच्या दहा प्रती स्वच्छ आल्या. म्हणजे शाई, कागद ओढणारे रोलर, सगळं ठीक होतं. झेरॉक्स काढताना वायफाय लागतच नाही, त्यामुळे ही तपासणी सगळ्यांत आधी करावी. यंत्र बरं असेल, तर संशय वाटेवर घ्यायचा.

वाट कठीणच होती. राउटर हॉलमध्ये, दाराजवळ, जिथे फायबरची तार घरात येते तिथे. प्रिंटर मागच्या खोलीत, कपड्यांच्या लोखंडी कपाटाला चिकटून. मध्ये जुन्या बांधकामाच्या दोन जाड भिंती. भिंतीतून लहरी थोड्याफार आरपार जातात, लोखंडी पत्रा मात्र त्या परतवून लावतो.

त्याच खोलीत वहिनींच्या मोबाइलवर व्हिडिओ नीट चालत होता, म्हणून त्यांना वायफायची शंका आली नव्हती. ही फसगत बहुतेक घरांत होते. व्हिडिओ पुढचा थोडा भाग आधीच साठवून ठेवतो, त्यामुळे मधला खंड कळत नाही. घरगुती इंकजेटची स्मृती तुटपुंजी. तो माहिती घेत घेत पट्ट्यापट्ट्यांनी पान छापतो. ६०० डीपीआयला ए-फोर पानावर साडेतीन कोटींच्या आसपास ठिपक्यांच्या जागा असतात. साध्या मजकुराचं पान त्या मानाने हलकं जातं. वहिनींच्या प्रश्नपत्रिकेत भूमितीच्या आकृत्या चित्र म्हणून चिकटवलेल्या, म्हणून पान जड. सिग्नल दुबळा असला की हरवलेले तुकडे पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. प्रिंटर काही वेळ वाट पाहतो आणि मग काम सोडून देतो.

खात्री करायला प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क रिपोर्टचं पान छापलं. त्यावर सिग्नल उणे ७८ डीबीएम होता. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत चिंता नाही, उणे ७५ च्या खाली रडगाणं सुरू. दर तीन अंकांनी ताकद निम्मी होते, म्हणून उणे ५० आणि उणे ७८ यांत सहाशे पटींहून जास्त फरक पडतो. त्याच पानावर प्रिंटरचा आयपी पत्ता होता. लॅपटॉप हॉलमध्ये राउटरजवळ नेला आणि त्यावर टाइप केलं:

```
ping -t 192.168.1.14
```

दर चार-पाच उत्तरांमागे एकदा `Request timed out.` येत होतं. लॅपटॉप राउटरपाशीच असल्यामुळे खोट प्रिंटरच्या बाजूची, हे उघड झालं.

मग प्रिंटर उचलून हॉलमध्ये राउटरपासून सहा-सात फुटांवर ठेवला. वीस प्रश्नपत्रिका एका दमात छापल्या. माझ्या मते उपाय इथेच संपायला हवा. प्रिंटर टेबलापाशीच असला पाहिजे असं काही नाही, कागद आणायला चार पावलं चालता येतं. पण हॉलमध्ये मुलं बसतात, आणि उद्याची प्रश्नपत्रिका त्यांच्यासमोर छापणं वहिनींना चालणार नव्हतं. ते बरोबरच होतं.

म्हणून एक्स्टेंडर आणला, आणि वहिनींनी तो प्रिंटरशेजारच्या प्लगमध्ये लावला. प्रिंटरवर सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसू लागल्या, छपाई मात्र पूर्वीसारखीच अडकली. एक्स्टेंडर राउटरकडून जे ऐकतो तेच पुढे सांगतो. कपाटाआड त्यालाच नीट ऐकू येत नसेल, तर प्रिंटरपर्यंत काय पोचवणार? त्याची जागा मधल्या वाटेवर, जिथे राउटरचा सिग्नल अजून चांगला आहे तिथे. आमच्याकडे ती बोळातल्या प्लगवर सापडली. बहुतेक एक्स्टेंडरवर राउटरशी जोड चांगली की वाईट हे दाखवणारा दिवा असतो, तो पाहून जागा ठरवावी.

तिथे लावल्यावरही प्रिंटर जुन्या राउटरलाच धरून बसला होता. दोन्हींचं नाव एकच असलं की असं होऊ शकतं. आम्ही एक्स्टेंडरला वेगळं नाव दिलं आणि प्रिंटरच्या मेनूत तेच निवडलं. तो २.४ गिगाहर्ट्झवर ठेवला, कारण बरेच घरगुती प्रिंटर ५ गिगाहर्ट्झ ओळखत नाहीत. पाहुण्यांसाठीचं गेस्ट नेटवर्क मात्र टाळलं. त्यावरची यंत्रं सहसा घरातल्या इतर यंत्रांना दिसत नाहीत. शेवटी कपाटापासून हातभर पुढे प्रिंटर ओढला आणि रिपोर्ट पुन्हा छापला. उणे ५९. आकृत्यांसकट प्रश्नपत्रिका छापून होईपर्यंत साडेअकरा वाजले होते.