पूजा लांबली, साखर उतरली

घरात सत्यनारायण. पूजा सांगणाऱ्या गुरुजींना यायला उशीर झालेला. पासष्टीच्या आजींनी सकाळी आठला डायबेटिसची गोळी नेमाने घेतली, पण पूजेआधी खायचं नाही म्हणून पोटात फक्त बिनसाखरेचा चहा. साडेबाराच्या सुमारास पंचामृत कालवता कालवता त्यांचे हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला आणि छातीत धडधड सुरू झाली. नाडी मिनिटाला 110. घरातल्यांच्या मनात पहिला विचार आला तो हृदयविकाराचा. कोणी बीपीचं यंत्र शोधू लागलं, कोणी पंखा वाढवला.

प्रसंग कल्पित असला, तरी मधुमेही माणूस असलेल्या कुठल्याही घरात घडेल असाच आहे. धडधड छातीत जाणवत होती. तिचं मूळ मात्र सकाळच्या गोळीत होतं.

आजींच्या गोळीत ग्लिमेपिराइड हे औषध होतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग माणूस जेवलेला असो वा नसो. अन्न आलं नाही, तरी इन्सुलिन रक्तातली साखर पेशींकडे लोटतच राहतं. साखर 70 मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली घसरली की शरीर ॲड्रेनालिन सोडतं. ते यकृताला साठवलेली साखर सोडायला सांगतं. पण त्याच झटक्यात हृदयाचा वेग वाढतो आणि हात कापतात. सोबत घाम फुटतो, भूक लागते, जीव घाबरा होतो. म्हणजे धडधड ही शरीराने दिलेली हाक असते. ती ऐकली गेली नाही आणि साखर 54 च्याही खाली गेली, तर मेंदूला इंधन कमी पडू लागतं. मग बोलणं अडखळतं, माणूस उगाच चिडतो किंवा असंबद्ध वागतो, आणि शेवटी शुद्ध हरपू शकते.

पण हे साखरेमुळेच होतंय हे ओळखायचं कसं? ॲलन व्हिपल या अमेरिकन शल्यविशारदाने 1930 च्या दशकात सांगितलेली कसोटी आजही वापरतात: लक्षणं असावीत, त्याच वेळी मोजलेली साखर कमी असावी, आणि साखर वर आल्यावर लक्षणं जावीत. तिन्ही गोष्टी जुळल्या तर संबंध पक्का.

आजींच्या सुनेने ग्लुकोमीटर आणला. आकडा आला 148. सगळे पुन्हा हृदयाकडे वळणार, तेवढ्यात तिला आजींच्या बोटांना लागलेला पंचामृतातला मध दिसला. हात साबणाने धुऊन, पुसून नव्या पट्टीवर मोजलं, तेव्हा खरा आकडा कळला: 58. बोटाला लागलेला मध किंवा फळाचा रस यंत्राला असा सहज फसवतो. यंत्र हाताशी नसेल, तर मात्र मोजण्यासाठी थांबू नये; आधी साखर द्यावी.

कोणती साखर, हेही इथे महत्त्वाचं ठरलं. प्रसादाचा शिरा समोरच होता, पण त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पेढ्याचं आणि चॉकलेटचंही तेच. एरवी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली की काम होतं. आजींच्या गोळीत मात्र व्होग्लिबोसही होतं आणि ते आतड्यात साध्या साखरेचं विघटन मंदावतं. आपल्याकडे अशा जोडगोळ्या बऱ्याच जण घेतात. त्यांच्यासाठी थेट ग्लुकोज पावडरच हवी. सुनेने तीच दिली, सुमारे 15 ग्रॅम, अर्धा पेला पाण्यात. पंधरा मिनिटांनी साखर 66 झाली. पुन्हा तेवढंच ग्लुकोज दिलं. आकडा 94 वर आला, थरथर थांबली, नाडी 84 वर उतरली. व्हिपलची कसोटी पुरी झाली. मग वरणभात वाढला, कारण गोळीचा अंमल अजून उतरलेला नव्हता आणि साखर पुन्हा घसरू शकत होती. म्हाताऱ्या माणसांत, त्यातही मूत्रपिंड कमजोर असेल तर, हा अंमल फार लांबतो. म्हणून रात्रीही साखर तपासावी लागते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं लागतं.

शुद्ध हरपलेल्या किंवा गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाईल. त्याला थेट रुग्णालयात न्यावं. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा साखर वर येऊनही धडधड थांबत नसेल, तर ईसीजी काढायलाच हवा.

उलटा धोकाही आहे. बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखं औषध चालू असेल, तर धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र फुटतो. त्यामुळे अशा मधुमेही माणसाला कारणाशिवाय थंडगार घाम आला, तर नाडी संथ असली तरी साखर मोजावी. आजींच्या डॉक्टरांनी पुढे उपासाच्या दिवसांसाठी गोळीची वेळ आणि मात्रा वेगळी लिहून दिली, आणि तो कागद घरच्यांनी ग्लुकोमीटरच्या डबीत घडी करून ठेवला.