मुन्शीजींची वही

रमजानच्या पहिल्याच संध्याकाळी मुन्शीजींनी खजूर तोंडाशी नेला आणि नातू ओरडला, "दादाजी, थांबा! अजून तीन मिनिटं आहेत."

मुन्शीजींनी घड्याळ पाहिलं, मग खिशातला कागद पाहिला. गाव सोडताना मशिदीच्या भिंतीवर लावलेल्या महिनाभराच्या वेळा त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून आणल्या होत्या. घड्याळ बरोबर होतं, कागदही बरोबर होता. पण कागद आरमोरी तालुक्यातल्या गावाचा होता आणि मुन्शीजी बसले होते चंद्रपुरात, तुकुममधल्या तिसऱ्या मजल्यावर.

सूर्य आधी पूर्वेकडच्या गावांत मावळतो. नकाशावर एक अंश पश्चिमेला सरकलं की सूर्यास्त चार मिनिटं उशिरा होतो. आरमोरी चंद्रपूरच्या पूर्वेला आहे, पाऊण अंशाहून थोडी कमीच, आणि जराशी उत्तरेलाही. त्यामुळे फेब्रुवारीत तिकडे दिवस तीनेक मिनिटं आधी बुडतो. मुंबईत तो चंद्रपूरनंतर पंचवीसेक मिनिटांनी बुडतो, म्हणून तिथल्या वेळा इथे चालत नाहीत. आणि रोजा सूर्य मावळल्यावरच सोडायचा असतो. चुकून आधी खाल्लं तर दिवसभराची तहान-भूक वाया जाते, बदली एक रोजा नंतर धरावा लागतो. मुन्शीजींनी खजूर परत ताटलीत ठेवला. सत्तरी उलटलेल्या माणसाला सात वर्षांच्या पोराने वाचवलं होतं.

त्यांना मुन्शीजी म्हणतात ते तेंदूच्या फडावरून. मे महिन्यात जंगलात तेंदूपानाचा हंगाम येतो, जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. बायामाणसं पहाटे अंधारात निघतात, दुपारपर्यंत पानं घेऊन घरी येतात, मग घरभर बसून पुडे बांधतात. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी पुडे फडावर येतात आणि तिथे मुन्शी ते मोजून घेतो. फाटकी पानं, हलका पुडा बाजूला काढतो, उरलेले रांगेत मांडतो आणि वहीत नावासमोर आकडा लिहितो. त्या आकड्यावरच मजुरी मिळते. म्हणून मुन्शीचं मोजणं चुकलं तर फटका बसतो तो पहाटेपासून राबलेल्या बाईला. पुडा तळहातावर घेतला की पानं कमी आहेत हे आपल्याला कळतं, असं मुन्शीजी सांगतात. मात्र नुसत्या हातावर भरवसा ठेवून त्यांनी कुणाचा पुडा नाकारला नाही. सोडून मोजला, मगच बाजूला ठेवला.

चांद्र वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९८६ साली तो मे महिन्यात आला, तेव्हा मुन्शीजी तरुण होते. २०१९ साली पुन्हा मेमध्ये आला, तेव्हा पासष्टीचे. दोन्ही वेळा ते उन्हाने भाजून निघालेल्या फडावर रोजा धरून उभे राहिले. मोजणी ऐन रंगात यायची तेव्हाच सूर्य मावळायचा. रांगेतली एखादी बाई म्हणायची, "दिवस बुडाला जी मुन्शीजी, पाणी घ्या पहिले." ते पाणी प्यायचे आणि पुढचा आकडा लिहायचे. घड्याळ कशाला लागेल?

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगा म्हणाला, "अब्बा, रमजानपुरतं तरी चला." रमजानपुरतं की कायमचं, हे दोघांनीही उघड विचारलं नाही.

मुलगा कोळशाच्या खाणीत आहे. तिथे तीन पाळ्या असतात: सकाळी आठ ते चार, चार ते रात्री बारा, बारा ते सकाळी आठ. दर आठवड्याला पाळी बदलते आणि तिच्याबरोबर अख्खं घर बदलतं. जेवणाची वेळ, झोपेची वेळ, टीव्हीचा आवाज, नातवाने ओरडायचं की नाही, सगळंच. गावात दिवस सगळ्यांचा एकच होता. इथे एकाच घरात दोन-तीन दिवस एकमेकांशेजारून चालायचे.

मुन्शीजींनी एक वही मागून घेतली. टाकीत पाणी चढवायची मोटर कधी लागते, दूधवाला कधी येतो, दुपारी खाणीतल्या सुरुंगाने खिडकीच्या काचा कधी थरथरतात, सगळं लिहिलं. (चंद्रपूरकरांना त्या थरथरीचं नवल वाटत नाही; मुन्शीजी पहिल्या दिवशी नातवाला उचलून दाराबाहेर आले होते.) मग त्यांनी रमजानचे तीस दिवस मांडले. दुसऱ्या पाळीत इफ्तारच्या वेळी मुलगा खाणीत असतो, रोजा तिथेच सोडतो. रात्रपाळीत सहेरी, म्हणजे पहाटेचं खाणं, डब्यात घेऊन जातो. दोन्ही वेळा बाप-लेक एका दस्तरखानावर बसतील असा आठवडा एकच, पहिल्या पाळीचा. तीस दिवसांत सात-आठ दिवस. मुन्शीजींनी पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. सुनेने वही आवरताना पाहिला.

गावात मुसलमानांची सात घरं. सहेरीला उठवायचं काम मुन्शीजींचं. तीनला उठायचे आणि काठीने पत्रा वाजवत जायचे. फ्लॅटमध्येही डोळा तीनलाच उघडला. दुसऱ्या पाळीहून आलेला मुलगा नुकता झोपलेला, त्याचा अलार्म सव्वाचारचा. मुन्शीजी अंधारात काठी टेकत खोलीभर फिरायचे. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. "काकाजी, रात्री तीनला वर काही पडतं का हो? पोरीची बारावी आहे."

मुन्शीजी ओशाळले. संध्याकाळी मुलाकडून काठीला रबरी बूच आणवलं, आणि खाटेवरच बसून राहायला लागले. तीन ते सव्वाचार हा सव्वा तास कसा काढायचा, याची नोंद वहीत नाही.

मग एक दिवस ती मुलगी स्वतःच वर आली. केमिस्ट्रीचा पेपर जवळ आला होता. "आजोबा, मी दहालाच झोपते आणि पहाटे अभ्यास करते. पण अलार्म झोपेतच बंद होतो माझ्या हातून. तुम्ही उठलेले असताच ना? चारला तीनदा ठोका."

"आणि आई?"

"आईला सांगितलंय."

चारला मुन्शीजींनी बूच काढलं आणि तीन ठोके दिले. खालून स्टीलच्या पट्टीने छताला दोनदा उत्तर आलं. त्यांनी वहीत तारीख लिहिली आणि पुढे खूण केली, फडावर पुडा पास झाला की करायचे तशी.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मुलीची आई शेवयांचं पाकीट देऊन गेली. ईदला लागतीलच म्हणून. दुसऱ्या पहाटे ठोके द्यायचे नव्हते, तरी मुन्शीजी तीनलाच जागे झाले.

त्याच आठवड्यात गावाहून फोन आला. तेंदूच्या फडावर यंदा मोजणीला नवा पोरगा ठेवलाय, हुशार आहे, पण बायांचा त्याच्यावर अजून भरवसा बसलेला नाही. मुन्शीजी मेमध्ये येतील का? मुन्शीजी म्हणाले, "विचारून सांगतो." आयुष्यात हे वाक्य ते पहिल्यांदाच बोलले असावेत.

मुलगा रात्रपाळीला निघत होता. त्याने डबा पिशवीत ठेवला आणि वहीकडे बोट दाखवलं. "अब्बा, मेमधल्या माझ्या पाळ्या मांडल्यात का?"

"मांडल्यात."

"मग पहिल्या पाळीचा आठवडा सोडून जा."