व्यापाराच्या पटावर सर्वाधिक वर्दळीचे घर

मोनोपॉलीच्या पटावर 40 घरे असतात. पुढचे घर केवळ सध्याच्या घरावर आणि फाशांवर ठरते, म्हणून या चालीला मार्कोव्ह साखळी म्हणतात. दोन फाशांची बेरीज 7 येण्याची शक्यता 6/36, तर 2 येण्याची 1/36. अशा शक्यतांचा 40×40 तक्ता करून सोंगटीचे वाटप त्याने वारंवार गुणले की ते स्थिरावते.

केवळ फासे असते तर प्रत्येक घराला 2.5 टक्के वाटा मिळाला असता. पण सुरुवातीपासून तिसावे घर सोंगटीला दहाव्या घरी, म्हणजे तुरुंगात, पाठवते. त्यामुळे तुरुंगाचा वाटा सुमारे दुप्पट होतो आणि त्यापुढे 6, 8 आणि 9 घरांवर असलेली नारिंगी मालमत्ताही अधिक गाठली जाते. तुरुंगातला मुक्काम मोजायचा तर मात्र त्यासाठी वेगळ्या अवस्था जोडाव्या लागतात.