प्रश्नावलीतली जादा वीस मिनिटे

घरोघरी जाऊन करायच्या सर्वेक्षणाचे अंदाजपत्रक आधी रुपयांत मांडू नये, माणसांच्या दिवसांत मांडावे. समजा, एका जिल्ह्यातल्या ६० गावांत प्रत्येकी २० घरे, म्हणजे १,२०० कुटुंबांची माहिती घ्यायची आहे. मुलाखत ५० मिनिटांची धरली, तर घर शोधणे आणि कुलूप असलेल्या घरी पुन्हा जाणे सांभाळून एक प्रगणक दिवसाला चार मुलाखती करतो. झाले ३०० दिवस. पण ही २० घरे निवडायची तर आधी गावातल्या सगळ्या घरांची यादी हवी. दर गावाला दोघांचा एक दिवस धरला, तरी आणखी १२० दिवस लागतात, आणि नेमके हेच मांडायचे राहून जाते. मानधन, भत्ता, प्रवास मिळून दिवसाला १,२०० रुपये धरले, तर ४२० दिवसांचे ५,०४,००० रुपये होतात.

हा सगळा हिशोब ‘दिवसाला चार’ या आकड्यावर उभा आहे आणि तो खरा की खोटा, हे पूर्वचाचणीतच कळते. निवडलेली गावे सोडून दुसरीकडच्या तीस-चाळीस घरांत, हातात घड्याळ घेऊन प्रश्नावली विचारायची. ‘महिन्याला ज्वारी किती लागते?’ या प्रश्नाला बाई पायलीत उत्तर देतात, रकाना किलोचा असतो आणि प्रगणक तिथेच आकडेमोड करत बसतो. अशा जागा साठत जाऊन मुलाखत ७० मिनिटांवर गेली, की दिवसाला तीनच होतात. मग ३०० चे ४०० दिवस आणि १,२०,००० रुपये जादा. चौघांची चार दिवसांची पूर्वचाचणी याच दराने १९,२०० रुपयांत होते. त्यानंतर दुरुस्तीसाठी आठवडा राखून ठेवावा आणि तोवर छपाईची ऑर्डर देऊ नये.

पैसे कमी पडले की पहिली कात्री देखरेखीला लागते. माझ्या मते ही सर्वांत घातक काटकसर आहे. पाच वर्षांखालील मूल असेल तर लसीकरण, आजारपण असे लांबलचक प्रश्न येतात. ते टाळायला काही प्रगणक साडेचार वर्षांच्या मुलाला पाच वर्षांचे करतात. अनेक देशांच्या आरोग्य सर्वेक्षणांत हा दोष आढळला आहे. चार वर्षांची मुले अचानक कमी आणि पाचची जास्त दिसली, की ओळखावे. दर फॉर्ममागे पैसे दिले तर हा मोह वाढतो. म्हणून पाच प्रगणकांमागे एक पर्यवेक्षक हवा आणि दहा टक्के, म्हणजे १२० घरांत त्याने पुन्हा जाऊन मुलांची वये आणि मोजके चार प्रश्न विचारायला हवेत. त्याच्या वाहनाचा खर्चही वेगळा धरावा.

कागदी फॉर्म असतील तर डेटा एन्ट्री दोन वेगळ्या व्यक्तींनी करून ताडून पाहावी लागते. फॉर्मला २० मिनिटे, म्हणजे दोन्ही मिळून ८०० तास, आठ तासांचे १०० दिवस. टॅब्लेट वापरले तर हे दिवस वाचतात, पण यंत्रांचा आणि प्रश्नावली त्यात बसवण्याचा खर्च येतो. कागदावरच काम असेल, तर ऑपरेटर पहिल्याच आठवड्यापासून नेमावेत. चूक सापडली तेव्हा पथक जवळच्या गावात असेल, तर त्या घरी परत जाता येते.