उभं करून मोजलेला रक्तदाब

नागपूरकडचा मे महिना. अडुसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक. दोन दिवस जुलाब झालेत आणि जेवण जात नाही, म्हणून पेज आणि थोडं ताक एवढ्यावर भागवलंय. पहाटे तीनला लघवीसाठी जाग येते. ते तडक उठतात, दोन पावलं टाकतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दाराच्या चौकटीला धरत धरत खाली कोसळतात. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर येऊन म्हणतात, ‘‘काही नाही, जरा घेरी आली.’’ सकाळी दवाखान्यात खुर्चीवर बसवून रक्तदाब मोजला तर तो १३४/८०. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

हे गृहस्थ काल्पनिक आहेत, पण असे रुग्ण उन्हाळ्यात डॉक्टरांना नवे नाहीत. आणि नेमकं उत्तर त्या खुर्चीवरच्या आकड्यात सापडत नाही.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पोट आणि पायांकडे उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त तेवढ्यापुरतं घटतं आणि दाब पडू लागतो. मानेतल्या मोठ्या रोहिणीत आणि हृदयाजवळच्या महारोहिणीत दाबाची खबर ठेवणारे मज्जातंतूंचे शेवट असतात. ते मेंदूला लगेच कळवतात, मग हृदयाचे ठोके वाढतात, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि दाब सावरतो. हे सगळं काही सेकंदांत होतं, म्हणून एरवी आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. वयानुसार ही यंत्रणा मंदावते. जुन्या मधुमेहात किंवा पार्किन्सनच्या आजारात तर तिच्या नसाच निकामी होत जातात.

गुरुजींच्या नसा कशा आहेत, हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब आणि नाडी मोजायची, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायची. शेजारी कुणीतरी धरायला हवंच. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो असं निदान होतं. समजा, त्यांचा झोपून १३८/८२ आणि नाडी ७८ आली. उभं राहिल्यावर १०८/६८ आणि नाडी ९६. दाब ३० ने पडला, पण नाडी १८ ने चढली. म्हणजे नसा आपलं काम करताहेत. शरीरात पाणीच कमी पडलंय. दाब इतका पडूनही नाडी जागची हलली नसती, तर संशय नसांवर गेला असता. मात्र ठोके आवरणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर नाडीचा हा पुरावा धरता येत नाही.

आता गोळ्यांचा डबा उघडू. सकाळची रक्तदाबाची गोळी, तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं औषध. रात्रीची टॅम्सुलोसिन, प्रोस्टेटसाठी. ती लघवीचा मार्ग सैल करते, पण थोड्याफार रक्तवाहिन्याही सैल करते. या दोन गोळ्या दोन वेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या, आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही! एरवी दोन्ही निमूट चालल्या असत्या. जुलाबांनी शरीर कोरडं पडल्यावर मात्र एक गोळी उरलंसुरलं पाणी काढत राहिली आणि दुसरीने वाहिन्यांना आवळू दिलं नाही. छातीतल्या दुखण्यासाठीची नायट्रेट, नैराश्यावरची किंवा झोपेसाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन, मधुमेहातली डॅपाग्लिफ्लोझिन यांच्या बाबतीतही असं घडू शकतं.

म्हणून जुलाब-उलट्या सुरू झाल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून ‘यातली कुठली गोळी थांबवू?’ हे विचारावं. मनाने सगळ्या बंद करणं धोक्याचं. बीटा ब्लॉकर अचानक सोडली तर हृदयावरच बेततं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर किती प्यायचं हेही विचारून घ्यावं. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावं, पोटऱ्या आवळाव्यात आणि पुरुषांनीही लघवी बसूनच करावी.

कुणी घेरी येऊन पडलंच, तर आपल्याकडे चार जण धरून खुर्चीत बसवतात आणि तोंडात पाणी ओततात. दोन्ही चूक. आडवंच ठेवून पाय उंच करावेत, म्हणजे रक्त मेंदूकडे लवकर पोचतं. पाणी पूर्ण शुद्धीवर आल्यावरच द्यावं.

अंथरुणात कूस बदलली की खोली गरगर फिरते, हा प्रकार वेगळा. तो बहुधा कानातला. झोपलेलं असताना किंवा श्रम करताना शुद्ध हरपली, छातीत दुखलं, शौचाला काळी झाली, एका बाजूची शक्ती गेली किंवा डोक्याला मार लागला, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

आणि पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना सगळ्या डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, आणि रक्तदाब उभं करूनही मोजायला सांगा.