येतोस न येतोस?

‘येतोस की नाही?’ असं कुणी विचारलं की आपण मुकाट्याने चपला शोधायला लागतो. प्रश्नात थोडा दम असतो. साधं विचारायचं असेल तर आपण ‘येतोस का?’ म्हणतो. चिनी शिकायला लागलं की सुरुवातीच्या धड्यांतच ‘नी लाय बू लाय?’ समोर येतं. नी म्हणजे तू, लाय म्हणजे येणं, बू म्हणजे न. मराठी कानाला हाही दमच वाटतो, पण बोलणाऱ्याच्या सुरात घाई नसेल तर तसं काही नसतं. होकार आणि नकार दोन्ही पुढ्यात मांडलेले आहेत, हवा तो उचला. उत्तरही त्यातलंच, ‘लाय’ किंवा ‘बू लाय’. आपल्या ‘हो’ची इथे गरजच पडत नाही.

क्रियापद दोन अक्षरांचं असेल तर पहिल्या खेपेला निम्मंच म्हणून भागतं. शीह्वान म्हणजे आवडणं, आणि प्रश्न होतो ‘शी बू शीह्वान?’ ‘असणं’ या अर्थाचं यौ मात्र बू घेत नाही, त्याचा नकार मेय. म्हणून ‘आहे का?’ला ‘यौ मेय यौ?’

दुसरी रीत आपल्या ओळखीची आहे. साध्या वाक्याच्या शेवटी ‘मा’ लावायचा: ‘नी लाय मा?’ म्हणजे सरळ ‘येतोस का?’ नवशिक्या उत्साहात दोन्ही जोडतो आणि ‘नी लाय बू लाय मा?’ म्हणतो. हे चूक. मा विधानाचा प्रश्न करतो, आणि इथे प्रश्न आधीच झालेला असतो. आपणही ‘येतोस की नाही का?’ म्हणत नाही.

‘तो येतो की नाही, मला माहीत नाही’ या वाक्यात दोन्ही भाषा एकत्र येतात. चिनीतही इथे ‘लाय बू लाय’च हवं, मा चालत नाही. गंमत म्हणजे मोठ्या वाक्यात शिरल्यावर आपल्या ‘की नाही’तला दमही निघून जातो.

खरा घोटाळा ‘काय’ करतो. ‘तू काय घेतोस?’ला चिनीत ‘नी माय शनम?’ म्हणतात. माय म्हणजे विकत घेणं, शनम म्हणजे काय. कर्म क्रियापदानंतर येतं, म्हणून त्याची जागा घेणारा शनमही तिथेच बसतो. शब्दाला शब्द ठेवला तर ‘तू घेतोस काय?’ होतं, आणि मराठीत हा वेगळाच प्रश्न झाला! आपला ‘काय’ शेवटी गेला की उत्तर हो-नाहीत मागतो. ‘का’चंही तसंच आहे: ‘तू का जातोस?’ कारण विचारतं, ‘तू जातोस का?’ नुसता होकार-नकार.

चिनी शनम असा जागा बदलून अर्थ बदलत नाही. त्याचा अर्थ बदलतो तो मा जोडल्यावर. दुकानात ‘नी याओ माय शनम?’ विचारलं तर तुम्हाला वस्तूचं नाव सांगायचं असतं. त्यालाच शेवटी मा लागला तर अर्थ साधारण ‘तुम्हाला काही घ्यायचंय का?’ असा होतो. आपण ‘काय’चा ‘काही’ करतो. तिथे शनम तोच राहतो, आणि नुसतं मान हलवूनही उत्तर देता येतं.