‘पाणी सोडणे’ : अर्थ शोधावा तो वाक्यात

पैनगंगेच्या दक्षिणेस तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या या सीमाभागात आजही मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तेथील विद्यार्थी वर्गात मराठी शिकतो, बाजारात तेलुगू ऐकतो, आणि कित्येकांच्या घरी गोंडी किंवा बंजारा बोली असते. अशा मुलाची खरी परीक्षा प्रश्नपत्रिकेतील वाक्प्रचार आणि म्हणी घेतात. शब्द सगळे ओळखीचे असतात, पण अर्थ भलताच निघतो. घरी कोकणी बोलून शाळेत मराठी शिकणाऱ्या गोव्यातील मुलांनाही हा अनुभव नवा नाही.

आदिलाबाद हा कपाशीचा मुलूख आहे, तेव्हा उदाहरणही तेथलेच घेऊ. ‘पावसाने दीड महिना ओढ दिली, तेव्हा रामरावांनी यंदाच्या कपाशीवर पाणी सोडले आणि ते मजुरीसाठी यवतमाळला गेले.’ अधोरेखित शब्दांचा अर्थ निवडायचा आहे. पर्याय चार : कपाशीला पाणी दिले, कपाशीची आशा सोडली, कपाशीचे नुकसान केले, कपाशी विकून टाकली.

शेतकऱ्याच्या घरातील मूल पहिला पर्याय निवडते, आणि त्यात नवल नाही. मोटार चालू करून सरीत पाणी सोडणे हे त्याच्या रोजच्या पाहण्यातले काम आहे. परंतु वाक्यात ‘कपाशीवर’ असे आहे, ‘कपाशीला’ किंवा ‘शेतात’ असे नाही. मराठीत शेतात पाणी सोडले तर ते भिजवणे होते. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडले तर तिच्यावरचा हक्क किंवा आशा सोडणे होते. दान देताना हातावरून पाणी सोडून वस्तूवरचे स्वामित्व संपवण्याची रीत होती, तिच्यातून हा अर्थ आला. अर्थ बदलणारा धागा पुष्कळदा असा एखाद्या प्रत्ययात किंवा शब्दयोगी अव्ययात दडलेला असतो, आणि पाठांतराच्या यादीत नेमका तोच गळतो. यादीत नुसते ‘पाणी सोडणे’ एवढेच छापलेले असते.

तिसरा पर्याय अधिक फसवा आहे. ‘पाणी फिरवणे’ म्हणजे केलेले काम वाया घालवणे, हे ठाऊक असलेला हुशार विद्यार्थी तिकडे ओढला जातो. येथे विचारावे : नुकसान कोणी केले? पावसाने. मग ‘सोडले’ या क्रियापदाचा कर्ता कोण? रामराव. ज्याचे पीक गेले तोच नुकसान करणारा कसा ठरेल? राहिला चौथा पर्याय. दीड महिना पावसाविना करपलेल्या पिकाला गिऱ्हाईक कोठले! दुसरा पर्याय वाक्यात घालून पाहिला की ‘आशा सोडली आणि मजुरीसाठी गेले’ असे पुढचे सारे जुळून येते. वाक्याचा उत्तरार्ध हाच बहुतेक वेळा साक्षीदार असतो, आणि घाईत मुले नेमका तोच वाचत नाहीत.

‘हात दाखवणे’ तर प्रसंगावाचून कळतच नाही. एस.टी.ला हात दाखवला तर ती थांबावी म्हणून, ज्योतिष्याला दाखवला तर भविष्यासाठी, आणि प्रतिस्पर्ध्याला दाखवला तर आपला पराक्रम कळावा म्हणून. कोणाला दाखवला, एवढे पाहिले की निवाडा होतो.

म्हणींच्या बाबतीत मात्र सीमेवरच्या मुलाची दुसरी भाषा त्याच्या मदतीला येऊ शकते. ‘दुरून डोंगर साजरे’ याला तेलुगूत जवळजवळ तशीच म्हण आहे : ‘दूरपु कोंडलु नुनुपु’, म्हणजे दूरचे डोंगर गुळगुळीत. तेलुगू म्हण कानावर असलेला मुलगा ‘निसर्गसौंदर्य दुरून पाहावे’ असल्या पर्यायाला सहसा भुलत नाही. प्रसंग असा दिला असेल की, हैदराबादेतील नोकरीचे गोडवे ऐकून गेलेला तरुण खोलीचे भाडे आणि रोजची धावपळ पाहून हिरमुसला, तर म्हण लागू पडते ती त्या हिरमोडामुळे. त्याच तरुणाला नोकरी मानवली असती, तर शब्द तेच राहूनही म्हण चुकीची ठरली असती. म्हणून प्रसंगात प्रथम वळण शोधावे : अपेक्षा काय होती आणि घडले काय.

या रीतीलाही मर्यादा आहे. ‘त्याने हात दाखवला’ एवढेच वाक्य देऊन अर्थ विचारला, तर शोधायला प्रसंगच उरत नाही. तो दोष विद्यार्थ्याचा नव्हे, प्रश्न काढणाऱ्याचा. कर्ता, कारण आणि परिणाम यांपैकी किमान दोन गोष्टी वाक्यात असल्या, तरच एक उत्तर बरोबर आणि तीन चूक असे ठामपणे म्हणता येते. ‘चोर पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पसार झाला’ यात ‘पसार झाला’ हे दोन शब्द गाळून पाहा : तुरीच्या पट्ट्यात वाढलेले मूल चोराने खरोखरच तुरीचे दाणे दिले असे समजले, तर त्याला कोणत्या आधाराने चूक ठरवणार?